आठवडाभर पथ्य, तरी काटा तिथंच: दाजींच्या वहीतली गळती शोधताना

तक्रार एकच असते, माणसं तेवढी बदलतात. साखर सोडली, भात अर्ध्यावर आणला, रोज रंकाळ्यावर चालायला जातो, मोबाइलमध्ये खाल्लेलं सगळं लिहितो, आणि दोन महिन्यांनी काटा जिथं होता तिथंच. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "माझं शरीरच तसं आहे." किंवा, "ते कॅलरीचं गणित आपल्या जेवणाला लागूच होत नाही."

मी आहारशास्त्र शिकलो आणि गेली काही वर्षं कोल्हापुरातच सल्ला देतो. गणित लागू होतं. खाल्लेली ऊर्जा वजा खर्चलेली ऊर्जा म्हणजे साठलेली ऊर्जा, यात कोल्हापूर आणि कोपनहेगन असा फरक नाही. घोळ वेगळीकडे आहे. या गणितातले दोन मोठे आकडे, खाल्लेलं आणि खर्चलेलं, घरात बसून कुणालाच नीट मोजता येत नाहीत. दोन्हीकडे अंदाज असतो, आणि वजन कमी करायला लागणारी तफावत त्या अंदाजांच्या चुकीपेक्षा लहान असते. पानाच्या टपरीवर रोज दहा हजारांची उलाढाल असेल आणि गल्ला मोजताना दोन हजार इकडं-तिकडं होत असतील, तर पाचशे रुपये नफा झाला की नाही हे रात्री कसं कळणार? तसंच हे.

हे सगळं माझ्या दाजींच्या उदाहरणावरून सांगतो, कारण त्यांच्या घरात शिरून स्वयंपाकघरापर्यंत मोजमाप करता आलं. बाहेरच्या माणसाच्या घरी तेलाची पळी मोजायला कोण जाऊ देतंय?

दाजी ४६ वर्षांचे, उंची १७० सेंटिमीटर, शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. सुरुवातीला वजन ८८ किलो. त्यांनी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये माहिती भरली आणि ॲपनं सांगितलं, दिवसाला १९०० कॅलरी खा. आठ आठवडे त्यांनी इमानदारीत लिहिलं. आठ आठवड्यांनी काटा ८७.६. रविवारी दुपारी आक्काच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"हे बघ, दोन महिने लिवतोय. एक दिवस चुकवला न्हाई. आता सांग, तुझं शास्त्र कुठं गेलं?"

शास्त्र कुठं गेलं ते शोधायचं तर आधी ॲपचा आकडा बरोबर होता का ते बघायला हवं. असली बहुतेक ॲपं मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० सालचं सूत्र वापरतात. पुरुषांसाठी ते असं आहे:

```
१० × वजन(किलो) + ६.२५ × उंची(सेंमी) − ५ × वय + ५
```

बायकांसाठी शेवटच्या +५ ऐवजी −१६१. दाजींचे आकडे घातले की ८८० + १०६२.५ − २३० + ५, म्हणजे साधारण १७१८. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला एवढं जाळतं. बसून-उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी याला १.४ नं गुणतात, ते झाले सुमारे २४००. त्यातून ५०० काढले की १९००. गणितात चूक नाही. फक्त हे सूत्र सुमारे पाचशे माणसांच्या सरासरीवर बेतलेलं आहे, आणि एका माणसासाठी ते दोनशे-अडीचशेनं सहज चुकू शकतं. शिवाय तो १.४ चा आकडा आपणच मनानं निवडलेला असतो.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. रोज ५०० ची तूट ५६ दिवस टिकली असती तर २८,००० कॅलरी, म्हणजे साडेतीन किलोपेक्षा थोडं जास्त उतरायला हवं होतं. उतरलं ०.४. तेवढं जरी खरं धरलं तरी रोजची तूट जेमतेम ५५ कॅलरीची. म्हणजे रोज सुमारे ४४५, आठवड्याला ३१०० कॅलरी कुठंतरी गळत होत्या.

पण ते ०.४ तरी खरं होतं का? दाजी फक्त सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहायचे. म्हणून पहिली पायरी हीच: खाण्यात काहीही न बदलता दोन आठवडे रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन घ्यायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. पहिल्याच आठवड्यात शनिवारी ८७.४ आणि सोमवारी ८८.७ आलं. दोन दिवसांत एक किलो तीनशे. आक्का घाबरली. मध्ये रविवार होता, एवढंच.

रविवारी पोटात मीठ जातं, रश्शाबरोबर भाकरी-भात नेहमीपेक्षा जास्त जातो. मीठ पाणी धरून ठेवतं. भाकरी-भातातली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. वर आतड्यात असलेलं अन्न वेगळंच. त्या रविवारी दाजींनी ठरल्यापेक्षा जे जास्त खाल्लं त्याची सगळी चरबीच झाली असं धरलं तरी ती दीडशे ग्रॅमच्या वर जात नाही. बाकीचा किलोभर भार बुधवार-गुरुवारपर्यंत आपोआप जातो. तेव्हा आठ आठवड्यांतला ०.४ चा फरक हा रोजच्या चढउतारात पार बुडून जाणारा आकडा आहे. सात दिवसांची बेरीज करून सातनं भागलं तर पहिल्या आठवड्याची सरासरी ८७.७ आली, दुसऱ्याची ८७.६. म्हणजे दाजींचं वजन खरोखरच स्थिर होतं. शरीर बिघडलेलं नव्हतं, सांगण्यासारखी तूटच नव्हती.

दाजी खोटं लिहीत होते का? नाही. हे मी ठासून सांगतो, कारण घरची माणसं इथं लगेच "चोरून खात असणार" म्हणायला लागतात. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला होता. "आम्ही १२०० पेक्षा कमी कॅलरी खातो तरी वजन उतरत नाही" असं सांगणारी माणसं त्यात घेतली होती. त्यांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे ओळखता येणारे प्रकार घातलेलं पाणी प्यायला दिलं. ते शरीरातून किती वेगानं बाहेर पडतात यावरून माणूस खरोखर किती ऊर्जा खर्चतो हे काढता येतं. निघालं असं की त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. शरीराचा ऊर्जाखर्च अपेक्षेप्रमाणंच होता. वजन मंद चयापचयामुळं अडलेलं नव्हतं, अंदाज चुकले होते.

आता गळती शोधू. मी नेहमी तेलापासून सुरू करतो, आणि दहातल्या सात-आठ घरांत तिथंच थांबलो तरी चालतं.

दाजींच्या नोंदीत रोज "तेल २ चमचे" असं होतं. ॲपनं एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर धरला, दोन चमच्यांचे ९० कॅलरी लावले. भाजी वेगळी लिहिली होती, ती उकडलेल्या भाजीच्या आकड्यानं. मी आक्काला विचारलं, "फोडणीला किती घालतेस?"

"एक पळी. भाजी जास्त असली की दोन. तेल मोजून कोण घालतंय व्हय?"

पळी मागितली. तिच्या सासूबाईंच्या काळातली पितळी पळी, दांड्याला वाकडी झालेली. आतल्या खोलीत मुलाच्या तापाच्या औषधाची पाच मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज होती. ती पाण्यानं भरून पळीत रिकामी करायला लागलो. एक, दोन, तीन. चौथीला पळी भरल्यासारखी दिसली, पण आक्का म्हणाली, "मी काठोकाठ घेते." पाचवी सिरिंजही मावली. पंचवीस मिलिलिटर. दाजी जिला "चमचा" म्हणून लिहीत होते ती पळी पाच चमच्यांची होती.

तरी पळ्या मोजत बसणं हा काही मार्ग नाही. कोण कुठल्या दिवशी किती घालतं, तळणीतलं किती उरतं, याचा हिशोब लागत नाही. सोपी वाट किराणा बिलातून जाते. महिन्याला घरात किती तेल येतं ते विचारा. आक्काकडं चार लिटर शेंगतेल येतं, आणि घरात माणसं चार: दाजी, आक्का, मुलगा, सासूबाई. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, एक ग्रॅम चरबीला ९ कॅलरी. चार लिटरचे झाले ३२,७०० च्या वर. तीस दिवसांनी आणि चार माणसांनी भागलं की माणशी दिवसाला २७० पडतात. पळीच्या हिशोबानं बघितलं तरी तेच येतं: चार लिटर महिन्याला म्हणजे दिवसाला १३० मिलिलिटर, जवळपास पाच पळ्या. सकाळच्या पोह्यांना एक, दोन वेळच्या भाजीला दोन-तीन, आमटीला एक. आक्काला जास्त वाटत नव्हतं, कारण एका वेळी ती एकच पळी बघत होती.

घाण्याचं की रिफाइंड, शेंगतेल की सूर्यफूल, हा वाद मी इथं मुद्दाम टाळतो. त्याला त्याच्या जागी अर्थ आहे. पण कॅलरीच्या हिशोबात सगळी तेलं भावंडंच.

तेव्हा तेलातली तफावत २७० वजा ९०, म्हणजे १८०. तळणीचं थोडं तेल टाकलं जातं, म्हणून मी १५० धरतो. आठवड्याला हजारावर. खरं तर दाजींचा वाटा चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठाच असणार, कारण वाडग्यात वर तरंगणारी तर्री घ्यायची सवय घरात फक्त त्यांना आहे.

आता रविवार. कोल्हापुरात वजनाचं कुठलंही गणित रविवार सोडून मांडता येत नाही, आणि नेमका तोच दिवस माणसं गणितातून सोडतात. दाजींच्या ॲपमध्ये रविवारी सकाळ कोरी होती. कारण? "मिसळ काय रोज खातो का?" रोज खात नाहीत, आठवड्याला एकदा खातात. पण एकदा खाल्लेलंही सातव्या हिश्श्यानं रोजच्या ताटात येतंच.

मी त्यांच्यासोबत मिसळ खायला गेलो आणि ताट डोळ्यांनी मोजलं. मूठभरापेक्षा थोडी जास्त फरसाण, चाळीस ग्रॅम धरा, त्याचे २२० च्या आसपास. मटकीची उसळ आणि बटाटा, शंभर. कटावरचं तेल, एक मोठा चमचा म्हणजे पंधरा ग्रॅम धरलं तरी १३५. ब्रेडचे तीन स्लाइस, २१० च्या जवळपास. साडेसहाशे पार झाले, आणि दाजींनी दुसऱ्यांदा कट मागितला तो मी धरलेलाच नाही. हे आकडे पन्नास-शंभरनं चुकत असतील. पण नोंदीत होतं शून्य, त्यामुळं एवढी चूक परवडते.

दुपारचं जेवण मात्र त्यांनी लिहिलं होतं: मटण एक वाटी, भाकरी दोन, ६५० कॅलरी. ताटात तांबडा आणि पांढरा रस्सा होता, तो लिहिलाच नव्हता. "रस्सा म्हणजे पाणीच की," दाजी म्हणाले. पांढऱ्या रश्शात मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतात. एका वाटीचे दीडशे कुठंच जात नाहीत. तांबड्याला वाटीभर तेवढेच धरा. मटण चरबीसकट ३५०, ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी ३७० च्या घरात, शेवटी रश्शासाठी घेतलेला थोडा भात १३०. अकराशे पन्नास. लिहिलेल्यापेक्षा पाचशेनं जास्त. सकाळचे आणि दुपारचे मिळून एकट्या रविवारचे न लिहिलेले ११५० च्या पुढं झाले. सोमवार ते शनिवार मन मारून केलेल्या पथ्यातला मोठा हिस्सा एका दिवसात परत येतो, आणि माणसाला ते आठवतही नाही, कारण त्याच्या मनात रविवार "सुट्टी" असतो.

दुधाची गळती लहान आहे पण फक्त इथलीच आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळून ग्लासात देतात. दाजी आठवड्यातून तीनदा तिथं जातात. ॲपमध्ये "दूध, एक ग्लास" लिहिलं की ते टोन्ड दुधाचे आकडे लावतं, अडीचशे मिलिलिटरचे दीडशे. म्हशीच्या निरशा दुधाचे २७० च्या आसपास होतात. तीन वेळचे मिळून साडेतीनशेवर. एरवी मी एवढ्यासाठी कुणाला टोकत नाही. ॲप भारतीय पदार्थांचे आकडे देतं म्हणून ते आपल्या घरच्या पदार्थाचेच असतात असं नाही, हे दाखवायला हे उदाहरण बरं पडतं.

आणि आता चालणं. यावर दाजी माझ्यावर खरंच रागावले होते.

ते संध्याकाळी कामावरून आल्यावर आठवड्यातून पाच दिवस रंकाळ्यावर तीन किलोमीटर चालतात. मनगटावरचं घड्याळ ३०० कॅलरी जळाल्या म्हणून सांगतं. ॲप घड्याळाला जोडलेलं, त्यामुळं त्या दिवशी मर्यादा १९०० वरून आपोआप २२०० होते. मग चौपाटीवर भेळ. भेळ ते लिहायचे, लपवायचे नाहीत. एका प्लेटचे ३०० धरले की हिशोब बरोबर शून्य, असं त्यांना वाटायचं.

सपाट रस्त्यावर चालायला किलोमीटरमागं, वजनाच्या प्रत्येक किलोला, बसून राहण्यापेक्षा जवळपास अर्धी कॅलरी जास्त लागते. ८८ किलो, तीन किलोमीटर: सुमारे १३०. घड्याळं त्या पाऊण तासात नुसतं बसून जळलं असतं तेही बऱ्याचदा आकड्यात धरतात, आणि हातावरून काढलेला अंदाज तसाही ढोबळ असतो. वर त्या १.४ च्या गुणाकारात दिवसभराची थोडी हालचाल आपण आधीच मोजलेली असते, तीच परत मोजली जाते. म्हणजे प्रत्येक भेळेमागं किमान १७० कॅलरी जास्त, पाच दिवसांच्या साडेआठशे.

"म्हणजे चालायचं बंद करू?" दाजी.

नाही. चालण्यानं साखर, रक्तदाब, गुडघे, झोप यांचं भलं होतं. चालण्यानं भेळ फुकट होत नाही, एवढंच म्हणणं होतं. आणखी एक बारीक गोष्ट आक्काच्या लक्षात आली, माझ्या नाही. चालायला लागल्यापासून दाजी घरी आल्यावर उठतच नाहीत. पूर्वी जेवणानंतर शतपावली करायचे, दूध आणायला खाली जायचे. आता "आज झालं चालून" म्हणून मुलाला पाठवतात. व्यायाम सुरू केल्यावर बाकीची हालचाल नकळत कमी होणं हे पुष्कळांत दिसतं. त्याचा आकडा मी काढू शकलो नाही, म्हणून बेरजेत धरला नाही.

बेरीज: तेल १०५०, रविवार ११६५, दूध ३६०, चालणं-भेळ ८५०. सगळे मिळून ३४२५. शोधत होतो ३१००. तंतोतंत जुळलं नाही, आणि तंतोतंत जुळलं असतं तर मलाच संशय आला असता. प्रत्येक आकड्यात अंदाज आहे. पण गळती कुठं आहे आणि कुठली मोठी, हे ठरवायला एवढं पुरे.

इथं बरेच लोक एक चूक करतात. आता कळलं ना कुठं चुकतंय, म्हणून वजनकाटा आणून भाकरीचं पीठ ग्रॅममध्ये मोजायला लागतात. आठवडाभर चालतं, मग घरात भांडणं होतात आणि वही बंद पडते. दाजींना मी सांगितलं, तुमची नोंद बरोबर करायची गरज नाही. तुमच्या १९०० चा अर्थ खऱ्या हिशोबात २३५० च्या जवळपास आहे, हे काट्यानं दोन आठवड्यांत सांगितलं. तराजू पाच टक्के चुकीचा असला तरी रोज तेवढाच चुकत असेल तर त्यावर धंदा होतो. अडचण रोज वेगळं चुकण्याची आहे: सोमवारी दोनशेनं, रविवारी हजारानं. म्हणून लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष ताटातल्या तीन-चार ठरावीक गोष्टी कमी करायच्या आणि बाकी जसं आहे तसं ठेवायचं.

काय बदललं ते सांगतो. तेल महिन्याला चार लिटरचं अडीच केलं. आक्कानं त्यासाठी एकच युक्ती केली: महिन्याच्या पहिल्या तारखेला अडीच लिटर एका डब्यात काढायचं, बाकीचा कॅन माळ्यावर. पंधरा तारखेला डबा अर्ध्याच्या खाली असेल तर उरलेले दिवस हात आखडता. पहिल्या महिन्यात तेल २४ तारखेलाच संपलं आणि सासूबाईंनी मला फोन करून दोन शब्द ऐकवले. दुसऱ्या महिन्यात जमलं. यातून माणशी दिवसाला सुमारे १०० कॅलरी गेल्या, आणि घरातल्या चौघांच्याही. भेळ आठवड्याला पाचऐवजी दोनदा, त्याचे रोजचे सव्वाशेच्या वर. रविवारी मिसळ किंवा मटण, दोन्ही नाही. दाजींनी मटण निवडलं, ते मी गृहीतच धरलं होतं. मिसळ गेली की रोजचे ९५ कमी. कट्ट्यावरचं दूध सोडायला ते तयार नव्हते, म्हणून ग्लास अर्धा. त्यातून साधारण ५८. सगळे मिळून ३८० च्या आसपास, आणि आधीची ५५ ची तूट. घड्याळ ॲपपासून तोडलं. वजन रोज घ्यायचं, पण बघायचं फक्त रविवारी, आठवड्याची सरासरी काढून.

या हिशोबानं सहा आठवड्यांत २.४ किलो उतरायला हवं होतं. सरासरी ८७.६ वरून ८५.७ वर आली, म्हणजे १.९. मधल्या एका आठवड्यात सरासरी उलट ०.३ नं वाढली होती. गारगोटीला पुतण्याचं लग्न होतं, तीन दिवस. त्या आठवड्यात काहीही बदलू नका, एवढंच मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात ०.७ नं उतरली. एका आठवड्याच्या आकड्यावरून खाणं आणखी कमी केलं असतं तर दाजी उपाशी राहिले असते आणि पुढच्या रविवारी त्याचा वचपा काढला असता. सरासरी निदान तीन आठवडे हलली नाही, तरच काहीतरी बदलायचं.

दोन अपवाद. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता खाणं कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि खाणं नेहमीचंच असताना वजन झपाट्यानं वाढतंय, पायावर सूज आहे, थंडी सोसवत नाही किंवा दम लागतो, अशा वेळी तेलाची पळी मोजत बसू नका, आधी तपासणी करा. थायरॉइडची शंका घेणारे माझ्याकडं पुष्कळ येतात. रक्ततपासणी करून घ्या, त्यात वाईट काही नाही. पण रिपोर्ट ठीक आला तर परत किराणा बिलाकडंच यावं लागतं.

दाजींचं आता ८४ चालू आहे आणि गेल्या तीन आठवड्यांत सरासरी पुन्हा थबकलीय. काही अंशी ते अपेक्षितच होतं: वजन किलोनं उतरलं की सूत्रात गरज दिवसाला साधारण १४ कॅलरीनं कमी होते, चार किलोला ५५-५६. पण पूर्ण थांबायला तेवढं पुरत नाही. काल फोनवर विचारलं, गेल्या महिनाभरात घरात नवीन काय आलं?

"काही न्हाई. तुझ्या आक्कानं भडंगाचा डबा भरून ठेवलाय. सुका असतोय, हलका. येता-जाता मूठभर."

"शेंगदाणे किती हायत त्यात?"

थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.